अक्काच्या अंगावरचा शर्ट

आमच्या युनिटमध्ये काज-बटणाच्या मशीनवर बसणाऱ्या अक्काला मागच्या शनिवारी तिच्या मुलीच्या शाळेच्या दारातून परत पाठवलं. तिने साडीवर पुरुषी शर्ट घातला होता, एवढंच कारण. सोलापुरात कारखान्यात, बांधकामावर, शेतात काम करणाऱ्या बायका साडीवर असा शर्ट घालतात हे इथे कुणाला सांगायला नको. कापसाचा बुरा, धूळ, तंबाखूची भुकटी अंगावरच्या साडीत जाऊ नये, पदर मशीनमध्ये ओढला जाऊ नये, म्हणून तो शर्ट. अक्का माझ्याकडून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून थेट शाळेत पालक सभेला गेली होती. शिपायाने तिला भिंतीवरची सूचना दाखवली आणि म्हणाला, "ताई, वरचा शर्ट काढा आणि जा." तिला तो काढता येईना, कारण खाली ब्लाउज काखेत उसवला होता. दोन मिनिटं ती तशीच उभी राहिली आणि मग बस पकडून कामावर परत आली. मुलगी सहावीत आहे, तिला अपूर्णांक जमत नाहीत. बाईंना त्याबद्दलच बोलायचं होतं, ते राहून गेलं.

ती सूचना मी नंतर वाचली. आईने साडीत यावे, वडिलांनी फॉर्मल शर्ट-पँटमध्ये यावे. पंजाबी ड्रेस असल्यास ओढणी आवश्यक. जीन्स, टी-शर्ट, गाऊन आणि चप्पल चालणार नाही. पालक सभा आणि स्नेहसंमेलन दोन्हींसाठी हाच नियम.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे मी हा विषय काढला. सरांनी आयुष्यभर प्रामाणिकपणे शिकवलं, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्यांनी सूचनेची बाजू घेतली आणि ती तीन मुद्द्यांवर घेतली. मुलांना गणवेश असतो, तर पालकांनीही शिस्त पाळावी. शिक्षकांना सरकारने पोशाखाचे नियम केले आहेत, मग पालकांना का नकोत? आणि साडी ही आपली संस्कृती आहे, शाळेत यायला तिच्याइतकं सभ्य दुसरं काही नाही. मला हे तिन्ही मुद्दे चुकीचे वाटतात. मी बावीस वर्षं शाळेचे गणवेश बेतते आहे, त्यामुळे पहिल्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते.

सर, गणवेश कशासाठी असतो? आमच्या गावाचं पोट बऱ्याच अंशी त्यावर चालतं. सोलापूरचे गणवेश राज्याबाहेर जातात, त्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. पण गिरणगावच्या या धंद्याआधीही त्याची एक गरज होती, आणि ती म्हणजे वर्गात कुणाच्या घरात किती पैसे आहेत हे कपड्यावरून दिसू नये. शेजारी शेजारी बसलेल्या दोन पोरांच्या अंगावर एकाच ठोकातलं कापड असतं. एकाचा बाप डॉक्टर असेल, दुसऱ्याचा यंत्रमागावर असेल, शर्ट मात्र सारखाच. पालकांवरचा नियम याच्या अगदी उलट काम करतो. शाळा पालकांना कपडा देत नाही, शिवून देत नाही, फक्त "चांगलं घालून या" म्हणते. म्हणजे ज्याच्याकडे चांगलं आहे तो आत आणि ज्याच्याकडे नाही तो दारात. गणवेशाने जे झाकलं जातं, तेच या सूचनेने उघडं पडतं, आणि तेही मुलांच्या डोळ्यांसमोर. अक्काची लेक त्या वेळी व्हरांड्यात उभी होती.

अमेरिकेत ह्यूस्टनमधल्या जेम्स मॅडिसन हायस्कूलने एप्रिल २०१९ मध्ये पालकांसाठी असंच पत्रक काढलं होतं. पायजमा, केसांचे रोलर, डोक्यावरची टोपीवजा फडकी, लेगिंग्ज, अशी लांब यादी होती. मुलीचं नाव घालायला आलेल्या एका आईला तिच्या ड्रेसवरून आणि डोक्याच्या फडक्यावरून आत येऊ दिलं नाही, त्याची बातमी जगभर झाली. यादी सगळ्यांसाठी असते, पण तिच्यात अडकतात ठरावीक घरातल्या आया, हे तिथल्या लोकांनी तेव्हाच बोलून दाखवलं. दूर कशाला, मे २०२३ मध्ये तुळजापुरात तुळजाभवानीच्या मंदिरात भाविकांच्या कपड्यांविषयी फलक लागले आणि टीका होताच ते मागे घेतले गेले. आई भवानीच्या दारातला फलक उतरवता येतो, तर शाळेच्या भिंतीवरचाही उतरवता येईल.

शिक्षकांच्या नियमांविषयी सर जे म्हणाले, ते अर्धंच खरं आहे. राज्य शासनाने १५ मार्च २०२४ रोजी शिक्षकांच्या पोशाखाबाबत निर्णय काढला हे खरं. जीन्स, टी-शर्ट नको, भडक रंग आणि चित्रविचित्र नक्षी नको, पुरुषांनी शर्ट खोचावा, असं त्यात आहे. पण त्याच निर्णयात महिला शिक्षकांसाठी साडीबरोबरच सलवार किंवा चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा याला मोकळीक आहे. मग वर्गात शिकवणाऱ्या बाईंना साडी आणि ड्रेस सारखेच, आणि त्यांना भेटायला येणाऱ्या आईला मात्र आधी साडी, ड्रेस फक्त अपवाद म्हणून, हे कुठल्या हिशेबाने? सूचना लिहिणाऱ्याने पालकांना शिक्षकांपेक्षा कडक नियम लावला आहे. आणि शिक्षक पगारी नोकर आहेत, पालक नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि समितीत निम्म्या महिला असाव्यात असं सांगितलं आहे. ज्यांनी शाळेला प्रश्न विचारायचे, त्यांनाच कपड्यावरून दारात निवडायचं हे कायद्याच्या मूळ हेतूशी जुळत नाही.

राहिली संस्कृती. सर, आपण सोलापूरचे. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज धरणारे मानकरी काय घालतात, ते आपण लहानपणापासून पाहिलं आहे. पांढरं धोतर आणि पांढरी बाराबंदी. या गावात त्याहून आदराचा पुरुषी वेश नाही. आता ती बाराबंदी शिवणकामाच्या नजरेने पाहा. तिला बटणं नाहीत, बंद आहेत. छातीवर ती आडवी येते, अंगाला घट्ट बसत नाही, हात वर गेला तरी ओढत नाही. उंच, जड काठी कमरेवर तोलून मैलोन्मैल चालायचं असतं, वाटेत तिला वाकवायचं, सावरायचं असतं, हे ओळखून तो कपडा आहे. मोठा मान आणि मोकळी हालचाल एकाच कपड्यात बसते, याचा पुरावा आपल्याच गावात दरवर्षी रस्त्यावरून जातो.

बायकांचंही तेच. आमच्या आज्या नऊवारी नेसायच्या, काष्टा घालून. काष्ट्यामुळे दोन पाय वेगळे होतात, मांडी घालून बसता येतं, जिना चढता येतो, शेतात वाकता येतं. हालचालीच्या बाबतीत नऊवारी ही आजच्या गोल साडीपेक्षा सलवारीच्या जास्त जवळ आहे. सूचनेतली साडी म्हणजे निऱ्यांची सहावारी. ती सुंदर आहे, मी रोज नेसते, पण तिच्याशिवायचं सगळं असभ्य ठरवायचं तर आपल्या पणज्यांनाही दारात थांबवावं लागेल.

सरांच्या एका वाक्याशी मात्र मी सहमत आहे. ते म्हणाले, "पोरं बघतात हो." बघतात. आई शाळेत कशी आली हे मुलाच्या मनात राहतं, बाप चुरगळलेला शर्ट घालून आला तर त्याला खटकतं. मोठ्या मुलींना तर फार. म्हणून घालून जाण्याच्या कपड्याचा विचार करायलाच हवा. फक्त तो कपड्याच्या नावाने न करता कपड्याच्या कामाने करायला हवा. साडी की ड्रेस हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. शाळेत गेल्यावर शरीराला काय काय करावं लागतं, ते आधी पाहायचं.

पालक सभेत आपण मुलांच्या बाकावर बसतो. तो लहान मुलांच्या उंचीचा असतो, म्हणून मोठ्या माणसाचे गुडघे कमरेच्या वर येतात. सगळी फजिती तिथे होते. कुर्ता घातला असेल तर तो अशा वेळी मांडीवरून वर सरकतो आणि बाजूच्या कापातून कंबर दिसते. याला ओढणी हा उपाय नाही, कारण ओढणी गळ्यावर असते आणि उघडं पडतं ते कमरेला. उपाय कापाच्या जागेत आहे. कापाचं वरचं टोक सलवारीच्या नेफ्याच्या खाली दोन-तीन बोटं असावं. रेडिमेड कुर्त्यात ते पुष्कळदा वर असतं. तिथे आतून चार बोटं हाताने टीप मारून काप खाली आणता येतो, दहा मिनिटांचं काम आहे. पण तसं करण्याआधी कुर्ता नितंबावर सैल आहे का ते बघायचं. अंगाच्या मापापेक्षा तीन-चार इंच जास्त घेर नसेल आणि काप बंद केला, तर बसताना टीप उसवते, तेही नेमकी सभेत. लेगिंग घालायची असेल तर ती हाताच्या पंज्यावर ताणून उजेडासमोर धरायची. बोटं दिसली, तर खाली बसल्यावर सगळ्यांना दिसणार आहे. सलवार किंवा सैल पँटला हा त्रास नाही.

साडी नेसणाऱ्यांसाठी परकर महत्त्वाचा. हल्ली साडी चापूनचोपून बसावी म्हणून गुडघ्यापर्यंत चिकटणारे ताणाचे परकर मिळतात. फोटोत छान दिसतात, जिन्यावर पाय उचलत नाही. वर्ग दुसऱ्या मजल्यावर असतो, कडेवर धाकटं असतं. घरातून निघण्याआधी दोन पायऱ्या एकदम चढून पाहायच्या. पाय अडला, तर कळीचा साधा सुती परकर घालायचा. खांद्यावरच्या पदराला एकच पिन पुरते, पण ती ब्लाउजच्या शिवणीवर, दोन्ही कापडांतून घ्यायची. नुसत्या वरच्या पदरात टोचली तर वाकताना साडी फाटते, पदर घसरतो. दुचाकीवर येत असाल तर पदर आणि ओढणी दोन्ही कमरेला खोचून, गाठ मारून बसायचं. ओढणी चाकात जाऊन जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. त्यामुळे ओढणीच्या सक्तीकडे मला नुसतं तऱ्हेवाईक म्हणून पाहता येत नाही. ज्या बाईचा कुर्ता नीट झाकणारा आहे तिला स्कूटीवर आणखी अडीच मीटर कापड कशाला?

वडिलांविषयी सूचनेत दोन शब्द आहेत आणि तेही चुकीच्या जागी पडले आहेत. फॉर्मल पँट कमरेखाली बसणारी असेल, तर बाकावर बसल्याबरोबर शर्ट बाहेर येतो आणि मागून पाठ उघडी पडते. शिंपी ज्याला बैठक म्हणतात, ती पुरेशी उंच असलेली कुठलीही पँट, मग ती जीन्स का असेना, त्यापेक्षा सभ्य. शर्ट खोचायचा तर तो नितंबाच्या खाली जाईल इतका लांब हवा, नाहीतर खालून सरळ कापलेला शर्ट बाहेर सोडावा. आणि चपलेचं म्हणाल, तर अनेक शाळांत वर्गाच्या दारात पायताण काढूनच आत जावं लागतं. बूट काढायला-घालायला वाकून लेस सोडणारे बाप मी रांगेत खोळंबलेले पाहिले आहेत. स्वच्छ पाय आणि साधी चप्पल तिथे जास्त शोभते. मोहोळ-बार्शीकडून नातवासाठी आलेल्या, धोतर-टोपीतल्या आजोबांना कुणी दारात अडवत नाही, हे बरंच आहे. मग अक्कालाच का अडवलं?

हवामानाचा विचार तर सूचनेत मुळीच नाही. आपल्याकडे निकाल १ मेच्या सुमाराला लागतो, त्या दिवसांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो. पत्र्याच्या वर्गात, पंखा एक, पालक साठ. तिथे पॉलिस्टरची "सिल्क" साडी आणि अस्तराचा ब्लाउज घालून बसलेल्या बाईला चक्कर येणं स्वाभाविक आहे. फिक्या रंगाचा धुतलेला सुती कपडा, मग तो कुठल्याही आकाराचा असो, त्या दिवशी योग्य.

स्नेहसंमेलनाची गोष्ट थोडी वेगळी. ते डिसेंबर-जानेवारीत, बहुतेक संध्याकाळी. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या नाट्यगृहात तीन-साडेतीन तास एका खुर्चीत बसायचं असतं. इथे नटावंसं वाटतं आणि नटावंही, तो मुलांचा सण आहे. माझा आक्षेप असलाच तर वेगळ्या गोष्टींना आहे. उंच अंबाड्यावर मोठा गजरा लावून पुढच्या रांगेत बसलं की मागच्या आईला आपलं लेकरू दिसत नाही. टिकल्या-मण्यांचा काठ अंधारातल्या पायऱ्यांवर दुसऱ्याच्या चपलेत अडकतो. मोबाईलवर चित्रीकरण करताना दोन्ही हात खांद्याच्या वर जातात, तेव्हा तोकडा ब्लाउज वर चढतो आणि बाई अर्धा कार्यक्रम एका हाताने तो खाली ओढत बसते. इथे दुसऱ्याचा मान राखणं म्हणजे नाच चालू असताना खाली बसणं, आणि साडीच्या प्रकाराचा त्याच्याशी काही संबंध नाही. येताना थंडी असते, म्हणून एक साधी शाल बरोबर ठेवावी. तीच मांडीवर घेतली की अवघडून बसावं लागत नाही.

गाऊनविषयी मला विचारलं जाईल, म्हणून सांगते. मी स्वतः शाळेत गाऊन घालून जाणार नाही आणि कुणी विचारलं तर नको म्हणेन. त्याचं कापड पातळ असतं, उजेडाकडे उभं राहिलं की आरपार दिसतं, आणि वर टाकलेली ओढणी सावरण्यात एक हात गुंतून राहतो. बाईंशी वही उघडून बोलायला दोन हात मोकळे हवेत. पण गाऊन घालून आलेल्या आईला दारातून परत पाठवायचं का? नाही. ती आली आहे म्हणजे घरातलं काहीतरी अर्धवट सोडून आली आहे.

आता अक्काच्या ब्लाउजचं. तो काखेत का उसवला, हे मी उलटून पाहिलं. बाजारातला तयार ब्लाउज, मुंढा खूप खोल कापलेला. बायकांना वाटतं, मुंढा सैल म्हणजे हात मोकळा. खरं उलटं असतं. मुंढा जितका काखेच्या जवळ, तितका हात सहज वर जातो. खोल असला की हात उचलताना सगळा ब्लाउज वर ओढला जातो आणि ताण काखेच्या शिवणीवर येतो. त्यात आत माया जेमतेम पाव इंच सोडलेली, दोन-तीन धुण्यांत दोरे सुटले. काज-बटणाच्या मशीनवर दिवसभर हात पुढे-मागे होतो, तिथे ती शिवण टिकणारच नव्हती. शिवणीत माया नसल्याने ती पुन्हा जोडता येत नव्हती, म्हणून काखेत उरेब कापडाचा चौकोनी तुकडा बसवला. आता तिचा हात डोक्यावर जातो आणि ब्लाउज जागेवर राहतो.

हे काम पंधरा मिनिटांचं होतं, ते मी आधीच करायला हवं होतं. पण ब्लाउज उसवलेला असतानाही तिला आत घ्यायला हवं होतं, हे माझं म्हणणं त्याने बदलत नाही. अक्काला सभ्यपणा कळत होता म्हणूनच तिने शर्ट काढला नाही. दारात उभ्या असलेल्या माणसाला ते दिसलं नाही, कारण भिंतीवरच्या कागदात शर्टाला जागा नव्हती.

शाळेला मी पत्र दिलं आहे. ती सूचना काढावी आणि तिच्या जागी पालकांना उपयोगी पडेल ते लिहावं, असं त्यात आहे. सभा कुठल्या मजल्यावर आहे, बाकावर बसायचं की सतरंजीवर, चपला कुठे काढायच्या, किती वेळ लागेल, स्नेहसंमेलनाला सभागृहात पुढच्या रांगा कुणासाठी आहेत. इतकं कळलं की काय घालायचं ते सोलापूरच्या आया-बापांना ठरवता येतं. आणखी एक ओळ मी मुद्दाम जोडली आहे, की कामावरून थेट येणाऱ्या पालकांनी कामाच्याच कपड्यांत यावं, त्यांची रजा वाया जाऊ नये.

सरांना त्या पत्राची प्रत दिली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे मला मान्य नाही, शाळेत येताना तोंड-हात धुऊन, कपडे बदलून यावं." सर, मलाही ते आवडेल. त्यासाठी सभा शनिवारी अकराऐवजी संध्याकाळी सहानंतर ठेवा, म्हणजे अक्का घरी जाऊन अंघोळ करून, तिची हिरवी इरकल नेसून येईल. सभा अकरालाच राहणार असेल, तर ती शर्ट घालूनच येईल, आणि या वेळी मी तिच्याबरोबर दारापर्यंत जाणार आहे.